फॅब्री रोग: बहिणीचं एन्झाइम नॉर्मल आलं, तरी जीनची तपासणी का?

प्रश्न: माझा भाऊ २६ वर्षांचा आहे. लहानपणापासून ताप आला किंवा उन्हात खेळला की त्याच्या हातांची आणि तळपायांची आग व्हायची. आता लघवीत प्रोटीन सापडलं. क्रिएटिनीन नॉर्मल आहे. एन्झाइमची रक्ततपासणी केली, तर ते जवळजवळ शून्य निघालं आणि फॅब्री रोग असल्याचं सांगितलं. आता डॉक्टर म्हणतात की आईची, माझी आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलाचीही तपासणी करा. आम्हाला कुणालाच काही त्रास नाही. मी एका लॅबमध्ये स्वतःची एन्झाइम टेस्ट करून घेतली, ती नॉर्मल आली. तरी जीन टेस्ट कराच म्हणतात. खरंच गरज आहे का? पुढेमागे भावाला किडनी लागली तर आई द्यायला तयार आहे, त्याचाही यात काही संबंध येतो का?

उत्तर: गरज आहे. तुमच्या नॉर्मल एन्झाइम रिपोर्टवरून तुमच्यापुरता काहीच निर्णय होत नाही. हाच रिपोर्ट भावाचा असता, तर फॅब्रीचा विषय जवळपास तिथेच संपला असता. पुरुषाच्या बाबतीत भरवशाची असलेली चाचणी बाईच्या बाबतीत फसवी ठरते. घरच्यांच्या तपासणीबद्दल जे गैरसमज होतात, त्यांतले बरेचसे इथूनच सुरू होतात. पण आधी भावाच्या हातांबद्दल बोलू, कारण पुढचं सगळं त्यावरून उलगडतं.

आपल्या पेशींमध्ये लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्या असतात. पेशीतले टाकाऊ रेणू तिथे मोडले जातात. त्यातल्या एका स्निग्ध पदार्थाचं नाव जीबी-३. तो मोडायला अल्फा-गॅलॅक्टोसायडेज ए हे एन्झाइम लागतं. ते नसलं किंवा अगदी थोडं असलं की जीबी-३ साचत जातो, आणि हे साचणं जन्माच्या आधीपासूनच सुरू झालेलं असतं. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर, मज्जातंतूंच्या गाठींमधल्या पेशी, हृदयाचे स्नायू आणि किडनीच्या गाळणीतल्या पेशी ही त्याची मुख्य ठिकाणं. १८९८ साली जर्मनीत योहानेस फॅब्री आणि इंग्लंडमध्ये विल्यम अँडरसन या दोघांनी एकमेकांच्या नकळत याचं वर्णन केलं. दोघेही त्वचेवरच्या गडद लाल ठिपक्यांमुळे चक्रावले होते. एन्झाइमची कमतरता हे कारण समजायला १९६७ उजाडावं लागलं.

हातापायांची आग होते ती मज्जातंतूंच्या बारीक धाग्यांमुळे. वेदना आणि उष्णता-थंडीची जाणीव नेणारे धागे सर्वांत बारीक असतात आणि या रोगाचा पहिला मार त्यांच्यावर बसतो. घामाच्या ग्रंथींना चालना देणारे धागेही त्याच जातीचे. त्यामुळे ही मुलं घामत नाहीत किंवा फार कमी घामतात. शरीर तापतं पण थंड होत नाही, आणि ताप, ऊन किंवा पळापळ झाली की तळहात-तळपाय भगभगायला लागतात. काहींना ही आग कायम मंदशी असते. काहींना मधूनच असा जोरदार झटका येतो की तास-दोन तास किंवा दिवस-दोन दिवस काही सुचत नाही.

इथे एक तपासणी हमखास दिशाभूल करते. हातापायांची आग म्हटल्यावर नर्व्ह कंडक्शन स्टडी सांगितली जाते. ही चाचणी जाड धाग्यांमधला वेग मोजते, बारीक धागे तिच्या कक्षेतच येत नाहीत. मग रिपोर्ट नॉर्मल येतो आणि मुलाला 'वाढीच्या वयातलं दुखणं', 'संधिवाताची सुरुवात', नाहीतर सरळ 'शाळा टाळायची सबब' असं काहीतरी चिकटवलं जातं. तापात किंवा खेळल्यावर आग होणारा आणि घाम न येणारा मुलगा समोर असेल, तर नर्व्ह कंडक्शन नॉर्मल येण्याने संशय कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट घरच्यांना माहीत असायला हवी. बऱ्याच पुरुषांमध्ये विशीनंतर ही आग कमी होते. घरात बरं वाटतं, मुलगा सुधारला असं वाटतं. पुष्कळदा याचं कारण एवढंच असतं की वेदना नेणारे धागेच नष्ट होत आले आहेत. नेमक्या त्याच वर्षांत किडनीचं नुकसान लघवीत दिसायला लागतं.

आता लघवीतलं प्रोटीन. किडनीच्या गाळणीला बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी धरून असतात. प्रोटीन रक्तातच अडवून ठेवणं हे त्यांचं काम, आणि एकदा मेल्या की त्यांच्या जागी नव्या जवळजवळ येत नाहीत. जीबी-३ त्यांच्यात भरपूर साचतो. पोडोसाइट गळू लागले की आधी थोडं अल्ब्युमिन आणि मग जास्त प्रोटीन लघवीत उतरतं. अंगावर सूज येईलच असं नाही, बहुतेकांना येतही नाही. रक्तदाब साधारण किंवा कमीच असतो. क्रिएटिनीन तर फार उशिरा वाढतं. एन्झाइम अजिबात नसलेल्या मुलांच्या बायोप्सीत लघवी पूर्ण स्वच्छ असतानाही पोडोसाइट भरलेले दिसलेले आहेत. म्हणून भावाचं क्रिएटिनीन नॉर्मल आहे याचा अर्थ किडनी शाबूत आहे असा घेऊ नका. वेळ अजून हातात आहे, एवढाच तो घ्या.

एका कुटुंबाची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

२३ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला तो नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत लघवीत प्रोटीन निघालं म्हणून. प्रोटीन आणि क्रिएटिनीनचं गुणोत्तर १.४ ग्रॅम, जे ०.२ च्या आत असायला हवं. रक्तातलं क्रिएटिनीन ०.९, रक्तदाब १०४/६६, मधुमेह नाही, लघवीत रक्त नाही. बायोप्सी आधीच दुसरीकडे झालेली होती आणि 'एफएसजीएस', म्हणजे गाळण्यांना जागोजागी व्रण, असा शिक्का बसला होता. स्टेरॉइड सुरू करायचं की नाही एवढंच विचारायला तो आला होता.

बोलता बोलता कळलं की आठव्या वर्षापासून त्याला ताप आला की तळहातांची आग व्हायची आणि तो हात गार पाण्यात बुडवून बसायचा. शाळेत पीटीच्या तासाला घेरी यायची. घाम येत नाही, हे त्याला वैशिष्ट्य वाटायचं, तक्रार नाही. बेंबीभोवती आणि जांघेत गडद लाल ठिपके होते. काच दाबून धरली तरी ते फिके पडेनात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पने बघायला पाठवलं, तर दोन्ही बुबुळांच्या पारदर्शक पडद्यावर भोवऱ्यासारख्या फिकट रेषा. या रेषांनी दिसण्यात काही फरक पडत नाही, म्हणून कुणी मुद्दाम पाहिल्याशिवाय त्या सापडत नाहीत. अमिओडॅरोन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांमध्येही अशाच रेषा येतात, पण हा मुलगा कुठलंच औषध घेत नव्हता.

बायोप्सीची चूक कशी झाली, हे समजून घेण्यासारखं आहे. नेहमीच्या पद्धतीत नमुना मेणात बसवताना जी द्रावणं वापरतात, त्यांत जीबी-३ विरघळून निघून जातो. मागे राहतात ते पोकळ, फेसाळ दिसणारे पोडोसाइट. पाहणाऱ्याच्या मनात फॅब्री नसेल तर डोळा व्रणांवर जातो आणि एफएसजीएस लिहिलं जातं. त्याच बायोप्सीचा राखून ठेवलेला तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिल्यावर पोडोसाइटमध्ये पट्ट्यापट्ट्यांच्या गाठी स्पष्ट दिसल्या. त्यांना झेब्रा बॉडीज म्हणतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेणाऱ्यांमध्येही हुबेहूब अशा गाठी सापडतात, म्हणून नुसत्या झेब्रा बॉडीजवर निदान पक्कं करू नये. निदान ठरतं ते एन्झाइम आणि जीनवर.

त्याच्या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये एन्झाइम मोजलं. क्रियाशीलता नॉर्मलच्या १ टक्क्याहून कमी. असा आकडा आल्यावर मी आधी रिपोर्टमधली दुसरी ओळ वाचतो. चांगली लॅब त्याच नमुन्यात आणखी एखादं लायसोसोमचं एन्झाइम मोजते. नमुना वाटेत तापला किंवा पोचायला फार उशीर झाला, तर पेशी फुटतात आणि दोन्ही एन्झाइम कमी येतात. दुसरं नॉर्मल आणि अल्फा-गॅलॅक्टोसायडेज तेवढंच शून्याजवळ, असं असेल तरच त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. तुमच्या भावाच्या रिपोर्टमध्येही ही ओळ आहे का बघा. गाळणकागदावरच्या वाळलेल्या रक्ताच्या थेंबावर टेस्ट झाली असेल, तर ती चाळणी म्हणून ठीक आहे, पण उष्णतेने आणि दमटपणाने त्या थेंबातलं एन्झाइम मरतं. कमी आलं तर पांढऱ्या पेशींवर पुन्हा खात्री करायची. फक्त प्लाझ्मात मोजलं असेल तरी तेच. काही निरुपद्रवी जीनबदलांमध्ये एन्झाइम प्लाझ्मात टिकत नाही, पण पेशीच्या आत व्यवस्थित काम करतं. अशा माणसाला उगाच आयुष्यभराचा रोगी ठरवलं जातं.

एन्झाइमनंतर जीन. हा जीएलए जीन एक्स गुणसूत्रावर असतो आणि त्यात आजवर हजाराहून जास्त बदल नोंदले गेले आहेत. या मुलात सापडला तो c.679C>T. या बदलामुळे एन्झाइमची साखळी अर्ध्यावरच तुटते. म्हणजे अजिबात एन्झाइम नाही आणि रोग पूर्ण स्वरूपाचा. नेमका बदल कळल्याचे दोन उपयोग झाले. एक औषधाचा, त्याबद्दल पुढे सांगतो. दुसरा घरच्यांसाठी. आता लॅबला अख्खा जीन चाळायचा नव्हता, ही एकच जागा बघायची होती. सापडला तर आहे, नाही सापडला तर नक्की नाही. घरात पहिला रुग्ण माहीत नसताना एखाद्या बाईचा अख्खा जीन तपासला, तर कधी कधी 'अर्थ अनिश्चित' असा एखादा बदल सापडतो आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी भावाची जीन तपासणी पूर्ण होऊ द्या आणि त्याच्या रिपोर्टची प्रत घेऊन मग तुम्ही लॅबकडे जा. त्याची अजून झाली नसेल, तर पहिलं काम तेच.

मग मी कागद घेऊन त्या मुलाच्या आईसोबत वंशवृक्ष काढायला बसलो. या रोगात वंशवृक्ष वाचायचे नियम सोपे आहेत. पुरुषाकडे एकच एक्स असतो. तो मुलींना मिळतो, मुलांना वाय मिळतो. म्हणून रोगी बापाच्या सगळ्या मुलींमध्ये बदल उतरतो आणि एकाही मुलामध्ये उतरत नाही. बाईकडे दोन एक्स असतात. त्यातल्या एकावर बदल असेल, तर तिच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. त्यामुळे रोगी मुलाच्या वडिलांकडच्या नातेवाइकांना तपासायचं कारण नसतं. शोध आईच्या माहेराकडे जातो.

तिथे लगेच सापडलं. मुलाचा मामा ४४ व्या वर्षी डायलिसिसवर असताना गेला होता, कारण 'किडनी का खराब झाली ते कळलं नाही'. त्याला दोन मुली आणि एक मुलगा. मामाला हा रोग असणार हे उघड दिसत होतं, म्हणजे दोन्ही मुलींमध्ये बदल असणार आणि मुलाला तपासायची गरजच नाही. मुलींची जीन टेस्ट केली, दोघींमध्ये तोच बदल निघाला. त्यातली थोरली पोटाने हैराण होती, जेवण झालं की कळ आणि जुलाब. इतकी वर्षं तिच्यावर पोटाचेच उपचार चालले होते. पोटाच्या मज्जातंतूंमध्येही जीबी-३ साचतो आणि पेशंटच्या मनात त्याचा हाताच्या आगीशी काहीही संबंध नसतो. मावशीमध्ये बदल नव्हता, तिच्या मुलांना तपासावंच लागलं नाही. मुलाच्या सख्ख्या बहिणीचं एन्झाइम नॉर्मल आणि जीनही स्वच्छ, तिची फाइल बंद केली. चौदा वर्षांचा धाकटा भाऊ मात्र तक्रारच करत नव्हता. थोरल्याला काय काय ऐकावं लागलं हे बघून तो गप्प बसायला शिकला होता. त्याचंही एन्झाइम शून्यावर, लघवीत नुकतंच अल्ब्युमिन सुरू झालेलं.

आणि आई. तिचं एन्झाइम नॉर्मलच्या खालच्या टोकाला, पण मर्यादेच्या आत. आकडा बघून 'ठीक आहे' म्हणून सोडता आलं असतं. दोन रोगी मुलगे आणि तसा भाऊ असलेल्या बाईमध्ये बदल असणारच, त्यामुळे जीनचा रिपोर्ट निव्वळ औपचारिक होता. तो आला तसाच. लघवीत अल्ब्युमिन क्रिएटिनीनच्या ग्रॅममागे ८० मिलिग्रॅम, जे ३० च्या आत हवं. इकोमध्ये हृदयाची भिंत जाड झालेली, १४ मिलिमीटर, रक्तदाब मात्र नॉर्मल. जिना चढताना लागणारी धाप तिने वयावर ढकलली होती.

तिचं एन्झाइम नॉर्मल आलं कसं? गर्भ अगदी लहान असताना बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स कायमचा मिटून ठेवला जातो. कोणता मिटायचा हे त्या त्या पेशीत योगायोगाने ठरतं आणि त्या पेशीच्या पुढच्या पिढ्या तेच पाळतात. म्हणून बदल असलेल्या बाईचं शरीर म्हणजे दोन प्रकारच्या धाग्यांनी विणलेलं कापड आहे: काही पेशींत एन्झाइम पुरेपूर, काहींत जवळजवळ नाही. रक्ताची टेस्ट या सगळ्या पांढऱ्या पेशी एकत्र करून एकच सरासरी आकडा देते. त्यांच्यात चांगल्या पेशी जास्त असल्या, तर आकडा नॉर्मल. त्यातून नॉर्मलची व्याप्तीही मोठी असते, जन्मतः भरपूर एन्झाइम बनवणारीचं निम्मं झालं तरी ते मर्यादेतच बसतं. जीनमध्ये बदल असलेल्या स्त्रियांपैकी एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त जणींचं एन्झाइम अशा प्रकारे नॉर्मल येतं.

रक्तात जे प्रमाण आहे तेच किडनीत किंवा हृदयात असेल, याचीही हमी नाही. बदल असलेल्या बाईच्या बायोप्सीत जीबी-३ ने ठासून भरलेला पोडोसाइट आणि त्याला खेटून स्वच्छ पोडोसाइट असं दृश्य दिसतं. चांगली पेशी शेजारणीला पुरेसं एन्झाइम पुरवू शकत नाही. म्हणून कुणा बाईला ऐंशीपर्यंत काही होत नाही, तर कुणाला पन्नाशीत पक्षाघात, हृदयाच्या ठोक्यांची गडबड किंवा किडनीचा आजार गाठतो. पूर्वी अशा स्त्रियांना 'फक्त वाहक' म्हणत आणि घरी पाठवत. तो शब्द मी वापरत नाही. त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींना आयुष्यात कधी ना कधी रोगाची काही लक्षणं दिसतात. पुरुषांपेक्षा साधारण दहा-वीस वर्षं उशिरा आणि बहुधा सौम्य, पण दिसतात.

आता तुमच्या घराबद्दल. भावाला बदल जवळजवळ नक्कीच आईकडून आला आहे. त्याच्यातच नव्याने उद्भवला असण्याची शक्यता असते, पण तसं क्वचित होतं. आईला तो असेल तर तुम्हाला असण्याची शक्यता निम्मी. तुमच्या नॉर्मल एन्झाइममुळे ती थोडी कमी होते, संपत नाही. म्हणून आधी आईची आणि तुमची जीन टेस्ट, भावाच्या रिपोर्टमधला तोच बदल शोधायला सांगून. तुमच्यात तो नसेल, तर तुमच्या मुलाचं बोटही टोचायला नको. असेल, तर मात्र मुलाची तपासणी लांबवू नका. पोरं या रोगाची पहिली तक्रार साधारण याच वयात करतात, आणि मुलगा असल्यामुळे त्याला साध्या एन्झाइम टेस्टनेही खात्रीचं उत्तर मिळतं. मधल्या काळात फक्त लक्ष ठेवा: ताप आला की हात गार फरशीवर टेकवतो का, पळून आल्यावर चेहरा लाल होतो पण अंग कोरडं राहतं का. ऊन लागल्यावर किंवा खेळल्यावर तो रडत असेल तर त्याला कारण विचारा. 'आग होते' हा शब्द मुलांना सुचत नाही, 'टोचतंय' म्हणतात.

भावाला पुढे मुलं झाली, तर मुलीमध्ये बदल असणारच आणि मुलामध्ये नसणार. लग्न ठरण्याआधी ही माहिती त्याच्यापाशी असावी. कुणाला कधी सांगायचं हे त्याचं तो ठरवेल. आईच्या बहिणी, भाऊ आणि त्यांची मुलं यांना मात्र कळवायलाच हवं. हे काम अवघड जातं. 'तुमच्या रक्तात दोष आहे' असा निरोप पोचला की नाती तुटतात. मी घरच्यांना एक छोटं पत्र देतो. त्यात रोगाचं नाव, जीनमधला बदल आणि कोणती टेस्ट करायची एवढंच असतं, कुणाकडून आलं याची चर्चा नसते. तुमच्या डॉक्टरांकडे असं पत्र मागा.

आईच्या किडनीचा प्रश्न तुम्ही आत्ताच विचारला हे बरं झालं, कारण ऐनवेळी हाच मुद्दा निसटतो. दात्याच्या नेहमीच्या तपासण्यांमध्ये रक्तगट, क्रिएटिनीन, सोनोग्राफी, लघवी हे सगळं नॉर्मल येऊ शकतं, आणि एन्झाइमही नॉर्मल येऊ शकतं. तरी त्या किडनीत जीबी-३ भरलेले पोडोसाइट असू शकतात. ज्याला किडनी हवी त्याला आजाराची सुरुवात झालेली किडनी मिळते, आणि जिला स्वतःला पुढे दोन्ही किडन्यांची गरज पडू शकते ती एक देऊन बसते. फॅब्रीच्या रुग्णाच्या आई-बहिणीची किडनी जीन टेस्टशिवाय घेऊ नये, आणि बदल सापडला तर आम्ही सहसा दुसरा दाता शोधतो. वडिलांची किडनी या दृष्टीने चालते. बाहेरून आलेल्या निरोगी किडनीत स्वतःचं एन्झाइम असतं, त्यामुळे रोग तिच्यावर तसा उलटत नाही. पण हृदय आणि मेंदू जिथल्या तिथे राहतात, म्हणून प्रत्यारोपणानंतरही फॅब्रीचे उपचार चालूच ठेवावे लागतात.

उपचार म्हणजे दर दोन आठवड्यांनी शिरेतून दिलं जाणारं एन्झाइम. ते २००१ पासून युरोपात उपलब्ध झालं. एक प्रकार वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम देतात, दुसरा ०.२ मिलिग्रॅम. मायगालास्टॅट नावाची गोळीही आहे, दिवसाआड घ्यायची. ती रुग्णाचं स्वतःचं पण वेडंवाकडं घडलेलं एन्झाइम सावरून धरते, म्हणून काही ठरावीक बदलांमध्येच चालते. माझ्या त्या पेशंटमध्ये साखळीच तुटलेली असल्याने सावरायला काही नव्हतं, त्याला इंजेक्शनच द्यावं लागलं. भावाचा बदल कोणता, हे या कारणासाठीही कळायला हवं.

इंजेक्शनने साचलेला जीबी-३ काढता येतो, आधीच झालेले व्रण भरून येत नाहीत. रोजचं १ ग्रॅमच्या वर प्रोटीन जाऊ लागल्यावर सुरू केलेल्या उपचारांनी किडनीची घसरण मंदावते, नेहमी थांबत नाही. म्हणून त्या १४ वर्षांच्या धाकट्याला उपचार मिळाले त्यांचा फायदा थोरल्यापेक्षा जास्त झाला, आणि तो सापडला निव्वळ थोरल्यामुळे. पुरुषात पूर्ण स्वरूपाचा रोग असेल तर निदान होताच उपचार सुरू करण्याकडे कल असतो. बाईमध्ये मात्र किडनी, हृदय, मेंदू किंवा मज्जातंतू यांपैकी कुठे काही दिसेपर्यंत थांबता येतं. थांबायचं म्हणजे वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनीन आणि ईसीजी, ठरावीक काळाने इको आणि गरजेप्रमाणे हृदयाचा एमआरआय. तुमच्यात बदल निघाला, तर सुरुवात या तपासण्यांनी होईल. लगेच इंजेक्शन सुरू होईल असं समजू नका.

भावासाठी दोन गोष्टी आजपासूनच. हातापायांच्या आगीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी औषधं तो घेत असेल तर बंद करायला सांगा. या आगीवर ती फारशी लागू पडत नाहीत आणि किडनीला त्रास देतात. कार्बामाझेपिन, गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन यांपैकी काहीतरी डॉक्टर देतील. ही औषधं मज्जातंतूवर काम करतात, पण गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिनचा डोस किडनीप्रमाणे ठरवावा लागतो. दुसरं, लघवीतलं प्रोटीन कमी करायला रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एसीई इनहिबिटर किंवा एआरबी लिहून मिळतील. 'मला बीपी नाही' म्हणून तो त्या सोडून देण्याची शक्यता आहे. त्या बीपीसाठी नाहीत हे त्याला सांगा. मात्र या रुग्णांचा रक्तदाब मुळातच कमी असतो, त्यामुळे डोस हळूहळू वाढवतात. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर त्याने ते लपवू नये, डोस बदलता येतो.